मायक्रोबायोलॉजीची उजळणी: चार रकाने आणि त्यांच्या मधली कारणं

प्रश्न: सर, मी जिवाणूंचा मोठा तक्ता केलाय. एका रकान्यात स्टेनिंग, मग कल्चर मीडिया, मग टॉक्सिन, मग आजाराची लक्षणं. पाठ होतो, पण आठवड्याभरात सगळं एकमेकांत मिसळतं. गट नेमके कसे पाडू म्हणजे लक्षात राहील?

उत्तर:

चारही रकाने तसेच राहू द्या. फक्त प्रत्येक दोन रकान्यांच्या मध्ये एक अरुंद रकाना आखा आणि त्याला नाव द्या 'कशामुळे'. तुमचा गोंधळ होतोय तो या मधल्या जागा रिकाम्या असल्यामुळे. घटसर्पाच्या ओळीत नुसतं 'टेल्युराइट' लिहिलं असेल, तर पुढच्या आठवड्यात तिथे 'टीसीबीएस' लिहिलं तरी डोळ्यांना खटकत नाही, कारण त्या शब्दाला तिथे धरून ठेवणारं काहीच नसतं. टेल्युराइट तिथे का आहे हे लिहिलंत की तो शब्द दुसऱ्या ओळीत सरकत नाही.

सगळा अभ्यासक्रम असा एकदम मांडायला जाऊ नका. एक घर घ्या. माझा आग्रह ग्रॅम पॉझिटिव्ह दंडगोलांचा, म्हणजे बॅसिलायचा, कारण तिथे नावं कमी आहेत आणि विषाचं काम थेट आजारात दिसतं. या घरात दोनच प्रश्न विचारायचे. स्पोर होतो का? होत असेल तर ऑक्सिजन चालतो का? स्पोर होतो आणि ऑक्सिजन चालतो तो बॅसिलस, स्पोर होतो पण ऑक्सिजन चालत नाही तो क्लॉस्ट्रिडियम. स्पोर न होणाऱ्यांत परीक्षेच्या दृष्टीने मोठी नावं दोन, कॉरिनेबॅक्टेरियम आणि लिस्टेरिया. झाली घराची आखणी. आता यातली एकच ओळ पूर्ण भरून दाखवतो, कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरीची.

समजा घशात राखाडी पडदा असलेल्या मुलाचे दोन स्वॉब प्रयोगशाळेत आलेत. एक स्मिअरसाठी, दुसरा कल्चरसाठी. पडद्याच्या कडेखालून घेतलेले असतील तर उत्तम, कारण पडद्याच्या वरच्या थरात घशातले इतर जंतूच जास्त सापडतात.

पहिला रकाना रंगाचा. ग्रॅममध्ये बारीक, एका टोकाला फुगलेले दंडगोल दिसतात, पण हे जंतू रंग सहज सोडतात, म्हणून ग्रॅमवर फार विसंबता येत नाही. ते एकमेकांशी कोन करून पडलेले असतात, व्ही किंवा एल सारखे, ज्याला चिनी अक्षरांसारखी मांडणी म्हणतात. हा कोन येतो कुठून? पेशी दुभंगली तरी दोन्ही भाग एका बाजूने चिकटून राहतात आणि झटक्याने वाकतात. मग अल्बर्ट स्टेन. त्यात टोल्युडीन ब्लू आणि मॅलेकाइट ग्रीन असतात. स्मिअरवर हा रंग काही मिनिटं ठेवायचा, मग अल्बर्टचं आयोडीन मिनिटभर. जंतूचं अंग हिरवं दिसतं आणि टोकाच्या कणिका निळसर काळ्या. या कणिका म्हणजे पॉलिफॉस्फेटचा साठा, आणि टोल्युडीन ब्लू त्या साठ्यावर बसून आपला मूळ रंग बदलतो. मेटाक्रोमॅटिक म्हणतात ते एवढ्यासाठी. हे एक वाक्य मधल्या रकान्यात गेलं की 'कणिका, अल्बर्ट, घटसर्प' हे तीन शब्द सुटे राहत नाहीत.

इथेच एक मर्यादाही लिहा. घशात आणि त्वचेवर राहणारे डिप्थेरॉइड्ससुद्धा असेच दिसू शकतात. ते बहुधा एकमेकांना समांतर, कुंपणासारखे रचलेले असतात आणि कणिका कमी असतात किंवा नसतात, पण हा फरक प्रत्येक स्लाइडवर स्वच्छ दिसेलच असं नाही. म्हणून स्मिअरचा रिपोर्ट 'घटसर्पाच्या जंतूंसारखे दंडगोल दिसले' इतकंच म्हणतो. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणून घटसर्प नाही, असंही म्हणता येत नाही.

दुसरा रकाना माध्यमाचा. कुठलंही माध्यम लिहिताना तीन गोष्टी विचारा: यात जंतूला काय मिळतं, इतर कोणाला अडवलं जातं, आणि वाढ झाल्याचं डोळ्यांना कशावरून कळतं. लोफ्लरचा सीरम स्लोप घ्या. तीन भाग सीरम आणि एक भाग ग्लुकोज ब्रॉथ, तिरक्या नळीत उष्णतेने घट्ट केलेलं. अडवणारं यात काहीच नाही. मग घशातल्या इतक्या जंतूंच्या गर्दीत घटसर्पाचा जंतू सापडतो कसा? तो इथे सहा ते आठ तासांत वाढतो, इतरांच्या आधी. म्हणजे लोफ्लरमध्ये निवड करते ती वेळ. नळी उशिरा पाहिलीत तर इतर जंतूंनी त्याला झाकलेलं असतं. दुसरं असं, की कणिका सगळ्यात चांगल्या दिसतात त्या लोफ्लरवरच्या वाढीत. म्हणून अल्बर्ट स्टेन आणि लोफ्लर यांच्यामध्ये एक रेघ ओढा. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला हा दुवा बहुतेक मुलांच्या वहीत नसतो.

टेल्युराइट ब्लड अगारचं काम वेगळं. पोटॅशियम टेल्युराइट घशातल्या बहुतेक जंतूंना थांबवतं. घटसर्पाचा जंतू ते सहन करतो, वर त्याचं रूपांतर धातुरूप टेल्युरियममध्ये करतो आणि ते वसाहतीतच साठतं. काळी किंवा राखाडी वसाहत दिसते ती यामुळे. पण वाढ सावकाश होते, प्लेट 48 तासांपर्यंत ठेवावी लागते. आणि काळी वसाहत फक्त घटसर्पाचीच असते असं नाही. स्टॅफिलोकॉकसही टेल्युराइटवर काळा उगवू शकतो. तेव्हा काळी वसाहत दिसली की तिचा स्मिअर करून दंडगोल आहे की गोल हे पाहायचंच. एक लवकर वाढवतो पण निवड करत नाही, दुसरं निवड करतं पण वेळ घेतं. दोन्ही का लावतात याचं उत्तर यातच आलं.

तिसरा रकाना विषाचा, आणि इथे थोडं थांबा, कारण सगळी ओळ याच्याभोवती फिरते. विषाचा जनुक या जंतूचा स्वतःचा नाही. तो त्याच्यात शिरलेल्या बीटा फेजने आणलेला असतो. फेज नसलेला जंतू रंगाला तसाच दिसतो, टेल्युराइटवर तसाच काळा उगवतो, पण घटसर्पाचं विष तयार करत नाही. म्हणून कल्चर आलं की काम संपत नाही, 'विष करतो का' हे वेगळं विचारावं लागतं. त्यासाठी एलेकची चाचणी. अँटिटॉक्सिनमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी अगारमध्ये बसवतात. तिला काटकोनात आपला जंतू रेषेने लावतात, आणि शेजारी खात्रीचा विष करणारा आणि खात्रीचा विष न करणारा असे दोन कंट्रोल. जंतूकडून विष पसरत येतं, पट्टीकडून अँटिटॉक्सिन पसरत येतं, आणि दोन्ही योग्य प्रमाणात भेटतात तिथे तिरकी पांढरी रेघ उमटते. कंट्रोलमध्ये रेघ नीट आली नसेल तर आपल्या जंतूच्या निकालाला अर्थ नाही. तोंडी परीक्षेत हे वाक्य जरूर सांगा.

विषाचे दोन भाग. बी भाग पेशीला धरतो, ए भाग आत जातो. ए भाग इलाँगेशन फॅक्टर 2 वर एडीपी रायबोझ चिकटवतो. त्यामुळे रायबोसोम पुढे सरकू शकत नाही आणि प्रथिनं बनणं थांबतं. ए भाग एन्झाइम असल्यामुळे स्वतः खर्च होत नाही. एक रेणू पुढचा, मग त्याच्या पुढचा असे फॅक्टर बाद करत जातो. इतक्या थोड्या विषाने इतकं मोठं नुकसान का होतं, याचं कारण हेच.

आता चौथा रकाना, आजार. तो पाठ करू नका, तिसऱ्यातून काढून पाहा. घशाच्या अस्तरातल्या पेशींची प्रथिनं थांबली, पेशी मेल्या. त्या मेलेल्या पेशी, फायब्रिन, पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा मिळून पडदा झाला. तो खालच्या ऊतीत अडकलेला असतो, म्हणून ओढला की रक्त येतं. जंतू सहसा रक्तात शिरत नाही, विष मात्र रक्तातून जातं. म्हणून ब्लड कल्चरमध्ये काही मिळत नाही आणि तरी हृदयाच्या स्नायूला इजा होते. नसांवर परिणाम झाला की टाळू लुळी पडते, आवाज नाकातून येतो, प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं. मानेच्या गाठी आणि सूज मिळून मान बैलासारखी दिसते.

उपचारसुद्धा याच ओळीतून निघतो. अँटिटॉक्सिन फक्त रक्तात आणि ऊतीत मोकळ्या असलेल्या विषाला पकडतं. पेशीच्या आत गेलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. आता वेळेचा हिशेब करा: स्मिअर त्याच दिवशी, पण खात्रीचा नाही. लोफ्लर काही तासांनी. टेल्युराइट दोन दिवसांपर्यंत. एलेक त्याच्याही पुढे. तोवर विष पेशींत शिरत राहणार. म्हणून घटसर्पाची दाट शंका आली की रिपोर्टची वाट न पाहता अँटिटॉक्सिन देतात. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन सोबत असतंच, पण त्याचं काम वेगळं: जंतू मारून नवं विष थांबवणं आणि संसर्ग पसरू न देणं. लस टॉक्सॉइडची, म्हणजे विषाविरुद्धची. त्यामुळे लस घेतलेल्याच्या घशातही जंतू राहू शकतो. एवढं पान तयार झालं की 'घटसर्पाचं प्रयोगशाळा निदान' या दीर्घोत्तरी प्रश्नासाठी वेगळी तयारी लागत नाही.

पुढे क्लॉस्ट्रिडियम. इथे एकेकटी ओळ भरण्यापेक्षा टेटनी आणि बोट्युलिनम शेजारी ठेवा. दोघांचं विष झिंकवर चालणारं प्रोटिएज आहे आणि दोन्ही चेतातंतूच्या टोकाशी स्नेअर प्रथिनं कापतात. मग एकात शरीर ताठ का होतं आणि दुसऱ्यात लुळं का पडतं? कात्री तीच, जागा वेगळी. टेटनीचं विष नसेतून उलटं मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींमधून ग्लायसीन आणि गॅबा बाहेर पडू देत नाही. आवर गेला म्हणून स्नायू ताठतात, जबडा बसतो. बोट्युलिनमचं विष स्नायू आणि नस भेटतात तिथेच थांबतं आणि अ‍ॅसिटिलकोलीन अडवतं, म्हणून लुळेपणा येतो, तोही डोळ्यांपासून सुरू होऊन खाली उतरत. अन्नातून होणाऱ्या बोट्युलिझममध्ये विष अन्नातच तयार असतं, शरीरात संसर्ग नसतो, म्हणून ताप सहसा नसतो. वहीत यासाठी 'स्नेअर कापतो, कुठे?' एवढाच प्रश्न लिहा.

धनुर्वातात रंग आणि माध्यम यांचं महत्त्व कमी आहे, हेही त्या पानावर स्पष्ट लिहा. ढोलकाच्या काडीसारखा दिसणारा, टोकाला गोल स्पोर असलेला दंडगोल प्रश्नपत्रिकेत हमखास येतो, पण धनुर्वाताचं निदान रुग्णाला पाहूनच होतं. जखमेत जंतू मिळाला तरी आजार असेलच असं नाही, आणि आजार असून जंतू न मिळणंही नेहमीचं आहे. प्रत्येक ओळीत चारही रकान्यांचं वजन सारखं नसतं. कुठला रकाना निदान ठरवतो त्याच्याभोवती चौकट करा: घटसर्पात एलेक, धनुर्वातात लक्षणं.

परफ्रिंजेन्समध्ये मात्र स्मिअरच खूप काही सांगतो. गॅस गँग्रीनच्या जखमेतल्या स्रावाचा ग्रॅम स्मिअर पाहिलात तर जाड, चौकोनी टोकांचे ग्रॅम पॉझिटिव्ह दंडगोल भरपूर दिसतात, आणि पू-पेशी जवळपास नसतात. एवढा संसर्ग असून पांढऱ्या पेशी का नाहीत? कारण अल्फा टॉक्सिन हे लेसिथिनेज आहे, पेशीचं आवरण फोडणारं, आणि त्यात पांढऱ्या पेशीही फुटतात. हेच लेसिथिनेज अंड्याच्या बलकाच्या अगारवर वसाहतीभोवती धूसर वलय करतं. प्लेटच्या अर्ध्या भागावर अँटिटॉक्सिन लावलं तर त्या भागात वलय उमटत नाही. ही नागलरची चाचणी. स्मिअरमध्ये गायब झालेल्या पेशी, प्लेटवरचं वलय आणि स्नायूचा झपाट्याने होणारा नाश, तिन्हींमागे एकच एन्झाइम आहे. हे एकदा दिसलं की चार रकान्यांच्या ओळीची खरी मजा कळते.

अशी घरं भरून झाली की दुसरी फेरी करा, आणि ती ग्रॅमचा रंग पूर्ण बाजूला ठेवून, फक्त विष काय करतं यावरून. एका कोऱ्या पानावर लिहा 'इलाँगेशन फॅक्टर 2'. तिथे घटसर्पाशेजारी स्यूडोमोनासचं एक्झोटॉक्सिन ए येतं. एक ग्रॅम पॉझिटिव्ह, दुसरा ग्रॅम निगेटिव्ह, आणि काम मात्र हुबेहूब तेच. दुसऱ्या पानावर 'सायक्लिक एएमपी वाढवतो'. कॉलराचं विष चालू करणारं जीएस प्रथिन चालूच ठेवतं. डांग्या खोकल्याचं विष थांबवणारं जीआय प्रथिन बंद पाडतं. अँथ्रॅक्सचा एडिमा फॅक्टर या दोघांनाही न विचारता स्वतःच अ‍ॅडेनिलेट सायक्लेज म्हणून काम करतो. शेवट एक, वाटा तीन, आणि बहुपर्यायी प्रश्नात नेमकी ही वाटच बदलून ठेवलेली असते. हे पान पहिल्या फेरीत करू नका. आधी जंतू ओळखीचा झालेला नसेल तर विषांची यादी पुन्हा सुटे शब्दच होऊन बसते.

ग्रॅमवर घरं पाडायची तर ग्रॅममध्ये न बसणाऱ्यांसाठी एक वेगळं घर लागतंच. तिथेही कारण लिहा. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नाही, म्हणून रंग धरायला काही नाही, आणि त्याच कारणाने पेनिसिलिनही चालत नाही. मायकोबॅक्टेरियमच्या भित्तीत मायकॉलिक अ‍ॅसिड आहे, म्हणून झील-नील्सन लागतं. ट्रेपोनेमा इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, म्हणून डार्क फील्ड. याच घराच्या तळाशी एक सूचना लिहून ठेवा: जुन्या कल्चरमधले क्लॉस्ट्रिडियम ग्रॅम निगेटिव्ह दिसू शकतात, म्हणून ग्रॅम नेहमी ताज्या वाढीचा करायचा.

उजळणी करताना ओळ डावीकडून वाचू नका, मधूनच कुठूनतरी सुरुवात करा. 'पांढऱ्या पेशी नाहीत' इथून निघून लेसिथिनेजवर पोहोचा, तिथून अंड्याच्या बलकावर. अडकलात ती जागा म्हणजे मधला 'कशामुळे' अजून रिकामा आहे. तेवढाच पुस्तक उघडून भरा. काही ठिकाणी कारण खरंच सापडणार नाही, एखाद्या माध्यमाला त्याच्या कर्त्याचं नाव असतं इतकंच. ते सरळ पाठ करा. अशा गोष्टी वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी निघतात.

आता एक प्रश्न तुम्हाला, वही मिटून. मुलाच्या घशात पांढुरका थर आहे. टेल्युराइटवर काळ्या वसाहती, अल्बर्टमध्ये कणिका असलेले दंडगोल, एलेकमध्ये दोन्ही कंट्रोल बरोबर, पण मुलाच्या जंतूची रेघ आलेली नाही. कोणता रकाना 'हो' म्हणतोय आणि कोणता 'नाही', ते लिहा. पहिले दोन जुळतात, म्हणजे जंतू मिळाला. तिसरा जुळत नाही, म्हणजे फेज नाही किंवा जनुक काम करत नाही, आणि हा जंतू घटसर्पाचं विष करत नाही. मग चौथा रकाना या जंतूच्या नावावर लिहिता येणार नाही. थर का आला ते दुसरीकडे शोधावं लागेल: स्ट्रेप्टोकॉकसचा घसा, इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, व्हिन्सेंट अँजायना. घशातून एकाहून जास्त वसाहती तपासल्या होत्या का, हेही विचारा, कारण एकाच घशात विष करणारे आणि न करणारे असे दोन्ही प्रकार असू शकतात आणि एलेकला लावलेली वसाहत दुसऱ्या प्रकारची असू शकते.